एक लाख युनिट

आमच्या नातवाच्या तोंडात पहिल्यांदा पांढरं दिसलं तेव्हा घरात माणसं चार होती, मतं पाच होती आणि बॅटरी एकच होती. पाचवं मत माझंच. आधी मी म्हणालो, "दोन दिवस थांबून बघू." आणि सौभाग्यवतींनी नुसतं वळून पाहिल्यावर म्हणालो, "आत्ता जाऊ."

बाळ सात आठवड्यांचं. आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे बारामतीला आलेली. सासर इंदापूर. सौभाग्यवतींचं मत असं की हे दूध आहे. दूध पिणाऱ्या पोराच्या तोंडात दूध दिसणार नाही तर काय मिसळ दिसणार? शेजारच्या काकूंचं मत, पोट साफ नाही. मुलीने मोबाईलवर कुठल्याशा परदेशी जिभांचे फोटो बघितले आणि ती मत देण्याच्या पलीकडे जाऊन थेट रडायला लागली.

काकूंनी उपायही सांगून टाकला: सवागीची लाही मधात कालवून बोटाने तोंडात फिरवायची. सवागी म्हणजे टाकणखार. तव्यावर टाकला की फुलून येतो. आमच्या पिढीतल्या निम्म्या तोंडांतून हे बोट फिरलेलं आहे, आणि आम्ही वाचलो यावरून ते औषध चांगलं, असं मानायची पद्धत आहे. जे वाचले नाहीत ते मत द्यायला येत नाहीत, हा त्यातला बारकावा.

बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नंबर सतरावा होता. बाईंनी स्वच्छ ओल्या कापसाच्या पट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि बाळाच्या जिभेवरून हलकेच फिरवलं. मधलं पांढरं पुसलं गेलं. सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर विजय उमटला. मग बाईंनी तेच बोट गालाच्या आतल्या बाजूला नेलं. तिथलं पांढरं जागचं हललं नाही. दह्याचे कण चिकटून बसावेत तसे तीन-चार ठिपके, एक हिरडीवर, एक खालच्या ओठाच्या आत. "जिभेवरचं दूध होतं, आजी," बाई म्हणाल्या, "गालावरचं नाही. पुसलं की जातं ते दूध. पुसून जात नाही आणि खरवडलं तर खाली लालबुंद होऊन रक्ताचा टिपका येतो, ती बुरशी. म्हणून खरवडायचं नाही." अशा रीतीने माय-लेकी दोघींचंही बरोबर निघालं आणि फी मात्र एकाच तपासणीची द्यावी लागली.

या प्रकाराला ओरल थ्रश म्हणतात. कॅन्डिडा नावाची ही बुरशी परकी नव्हे. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर, तोंडात, आतड्यात गुमान राहत असते. तान्ह्या पोराची प्रतिकारशक्ती अजून पाळण्यातच असते, म्हणून तिथे तिला पाय पसरायला जागा मिळते. त्यात आमच्या मुलीला टाक्यांसाठी अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. बुरशीला धाकात ठेवणारे गरीब जंतू त्यात मारले गेले, बुरशीला मोकळं रान मिळालं. "घाबरण्यासारखं नाही," बाई म्हणाल्या, आणि मधाचं विचारताच खुर्चीत सरळ बसल्या. एक वर्षाच्या आत मध नाही, बोटावर लावून चाटवायलासुद्धा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि अंगातली ताकद काढून घेणारं विष तयार करतात. टाकणखार तर स्वतःच विष, त्याने पोराला झटके येऊ शकतात. हे मी घरी येऊन काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी मध चांगला होता."

औषध मिळालं निस्टॅटिनचे थेंब. पिवळसर, दाट, हलवल्याशिवाय तळाला बसणारं. कागदावर लिहिलं होतं: १ मिली, दिवसातून चार वेळा, अंगावर पाजून झाल्यावर. बाटलीवर छापलं होतं: १ मिलीमध्ये १ लाख युनिट.

त्या लाखाने दोन तालुक्यांत खळबळ उडवली. मुलीने इंदापूरला फोन करून सांगितलं तेव्हा विहीणबाईंना आधी ऐकू आलं की बाळाला थ्रेशर झालाय. मळणीयंत्राचा गैरसमज दूर होतो न होतो तोच त्यांना लाखाचं कळलं. "एक लाख युनिट? एवढ्याशा जिवाला? आमच्या मोटारीला वर्षाला एवढे पडत नाहीत!" त्यांच्या लेखी युनिट म्हणजे महावितरणचंच. मी समजावलं की हे औषधाची ताकद मोजायचं माप आहे, लाख काय नि दहा लाख काय, शेवटी तो वीस-एक थेंबांचा खेळ आहे. आणि हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, पोटात गेलं तरी तसंच खालून निघून जातं. विहीणबाईंचा प्रश्न बिनतोड होता: "मग घालायचं कशाला?"

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी आम्हालाही ते कळलं नव्हतं. औषध म्हणजे पोटात जायची वस्तू, अशी आपली ठाम समजूत. म्हणून पहिले तीन डोस आम्ही पाजण्याच्या आधी दिले. हेतू शुद्ध होता: पोर दूध पिता पिता झोपतं, झोपलेल्याला उठवून औषध कोण देणार? ड्रॉपर जिभेच्या मध्यावर, जरा आतच ढकलला, पिचकारी मारली, पोराने एक आचका दिला, गिळलं, आणि वरून लगेच दूध. आम्ही खूश. वहीत टिकमार्कही झाला.

वही अर्थात माझी. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी नीरा डाव्या कालव्यावर. पाळीपत्रकाशिवाय मला घास गिळत नाही. चार रकाने आखले, वेळा घातल्या, शेरा असा पाचवा रकाना ठेवला. शेऱ्यात पहिल्या दिवशी तीनदा "व्यवस्थित" असं लिहिलेलं आजही आहे.

संध्याकाळी मुलीने बाईंना फोनवर विचारलं तेव्हा कळलं की तीन लाख युनिट आम्ही दुधाबरोबर पोटात वाहवून दिली. हे औषध अंगात जाऊन काम करत नाही. जिथे लागतं तिथेच काम करतं, आणि लागून राहील तेवढा वेळच करतं. म्हणून दूध आधी, औषध नंतर, आणि औषधानंतर पाच-दहा मिनिटं तोंडात काही नाही. पाणीही नाही.

मग आमची नवी पद्धत बसली. पहिली गोष्ट ढेकर. दूध झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, मगच बाटलीला हात लावायचा. नाहीतर औषधामागून दुधाची गुळणी येते आणि सगळं आजोबांच्या सदऱ्यावर. दुसरी गोष्ट हलवणं. न हलवता दिलं तर वरचं पाणचट आधी संपतं आणि तळाचा गाळ शेवटच्या डोसांच्या वाट्याला येतो. सौभाग्यवती बाटली अशी हलवायच्या की लोणी येईल. तिसरी गोष्ट, ड्रॉपर तोंडाला लावायचा नाही. तोंडाला लागलेला ड्रॉपर बाटलीत परत गेला की तोंडातलं सगळं बाटलीत. मोजलेलं १ मिली आधी उकळून ठेवलेल्या चमच्यात काढायचं. त्यातलं अर्धं एका गालात, अर्धं दुसऱ्या गालात, दात नसलेल्या हिरडीच्या बाहेरच्या खाचेत, थोडं थोडं. घशाकडे नाही. उरलेले दोन-चार थेंब धुतलेल्या करंगळीला स्वच्छ कापड गुंडाळून ठिपक्यांवर, हिरड्यांवर, जिभेवर फिरवायचे. बाळाला ही करंगळी फार आवडली. ते ती चोखायला लागलं. तेवढ्यात आणखी पाच मिनिटं निघाली.

वेळा ठरवणं हे खरं खात्याचं काम होतं. बाळ दिवसाला नऊ-दहा वेळा दूध पितं, औषध मात्र चारदाच. मग कोणत्या चार? अंघोळीनंतरचं दूध बाद, कारण मालिश आणि शेक होऊन आलेलं बाळ पितानाच असं झोपतं की गालात औषध ठेवलं तर ते घशात कधी उतरलं हे त्यालाही कळायचं नाही. गाढ झोपलेल्या तोंडात औषध घालायचं नाही, असं बाईंनीही बजावलं होतं. म्हणून आम्ही पहाटेचं, दुपारी बाराचं, संध्याकाळी पाचचं आणि रात्री झोपण्याआधीचं दूध पकडलं. यात बाळाशी चर्चा झालेली नव्हती. त्यामुळे शेऱ्यात "लाभार्थी अनुपस्थित (झोपला)" अशा नोंदी आहेत.

एक भाग मला उशिरा कळला, कारण तो सांगताना मला खोलीबाहेर काढलं होतं. मुलीलाही दुखत होतं. पाजल्यावर आग व्हायची, कातडी गुलाबी चकचकीत दिसायची. बुरशीचं सासर-माहेर चालू होतं: बाळाच्या तोंडातून आईकडे, आईकडून परत बाळाच्या तोंडात. एकालाच औषध दिलं की ती दुसऱ्याकडे चार दिवस राहून येते. म्हणून बाईंनी मुलीला लावायला वेगळं मलम दिलं, तेही बाळाच्या औषधाबरोबर एकाच वेळी चालू. शिवाय बाळाच्या ढुंगणालाही लालसर पुरळ दिसला तर सांगा म्हणाल्या. हीच बुरशी गिळली जाऊन दुसऱ्या टोकालाही बिऱ्हाड करते. आमच्याकडे तेवढं झालं नाही. पाजणं मात्र एक वेळही थांबवायचं नव्हतं.

औषध सुरू केलं बुधवारी, नीट सुरू झालं बुधवारी रात्री. शुक्रवारी ठिपक्यांच्या कडा विरल्या. शनिवारी गाल स्वच्छ, हिरडी स्वच्छ, ओठाच्या आत एक साबुदाण्याचा दाणा. रविवारी सकाळी बॅटरी लावून तिघांनी पाहिलं: काही नाही. आणि त्याच रविवारी अकराचा मुहूर्त काढून मुलगी सासरी निघाली.

आम्ही दवाखान्यातून निघताना बाईंनी एक वाक्य तीनदा सांगितलं होतं. ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवायचं नाही. त्यानंतर निदान ४८ तास द्यायचं. म्हणजे आठ डोस. हे आठच्या आठ डोस आता इंदापूरच्या हद्दीत पडत होते. मी वही मुलीच्या हातात दिली, आठ चौकोन आखून दिले. गाडी काटेवाडी, सणसर, निमगाव केतकीच्या रस्त्याला लागली. हाच तुकोबांच्या पालखीचा मार्ग. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडीत आणि इंदापुरात घोड्यांचं. आमच्या पालखीत एक बाळ, एक बाटली, एक वही.

कालव्यावर काम केलेल्या माणसाला त्या वेळीच शंका यायला हवी होती. नीरा डावा कालवा बारामतीवरून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. हेडच्या शेताला पाणी बघता बघता मिळतं, आणि हेडचा शेतकरी म्हणतो, झालं की भिजून, करा बंद. टेलचा शेतकरी चारीत उभा राहून कोरड्या मातीकडे बघत असतो. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं या एका वाक्याची: "वर भिजलंय म्हणजे खाली भिजलंय असं नाही." आता औषधाचं टेल इंदापुरात होतं.

विहीणबाई मायाळू आहेत, हे आधी सांगतो. रविवारी रात्री त्यांनी नातवाचं तोंड उघडून पाहिलं. गुलाबाच्या पाकळीसारखं. दोन डोस झाले होते. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "आता कशाला औषधाचा मारा? दिसतंय का काही?" मुलगी म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय. "डॉक्टर बारामतीला. बाळ इथं." यावर सुनेने काय बोलावं? बाटली देव्हाऱ्याशेजारी वर ठेवली गेली. वहीत तिसऱ्या चौकोनापासून पुढे चौकोन कोरे राहिले, आणि पाचव्या रकान्यात मुलीने बारीक अक्षरात "आईंनी" एवढंच लिहिलं.

शुक्रवारी फोन आला. खालच्या ओठाच्या आत, बरोबर त्याच जागी, पांढरा दाणा. शनिवारपर्यंत डाव्या गालातही. बाळ पिताना तोंड सोडून किरकिर करायला लागलं.

मी एसटीने इंदापूरला निघालो. मुलीच्या सासरी बापाने पाणीदेखील पिऊ नये, अशा घरात मी वाढलो. तिथे आता बॅटरी घेऊन मुक्कामाला चाललो होतो. व्याही दारातच भेटले. व्याह्यांची दीड एकर द्राक्षबाग आहे, मोजकं बोलतात आणि सगळ्यांना "पाव्हणं" म्हणतात. विहीणबाई अपराध्यासारख्या आत-बाहेर करत होत्या. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता; ताप उतरला की गोळी बंद करणारा सगळा महाराष्ट्रच त्यांच्या बाजूने होता. मी बारामतीच्या बाईंना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, औषध लागू पडत होतं, ते निकामी झालेलं नाही, मधेच सोडलं म्हणून परत आलं. तेच पुन्हा पहिल्यापासून द्या. आठवड्यात फरक दिसला नाही, पोराने दूध सोडलं, ताप आला किंवा ठिपके घशाकडे जाताना दिसले तर घेऊन या. मग दुसऱ्या औषधाचा विचार करू. आणि असं वारंवार व्हायला लागलं तर मूळ कारण शोधावं लागेल.

फोन ठेवला आणि व्याह्यांना सांगू लागलो की दिसत नसलं तरी बुरशी आत असते. व्याही ऐकून घेत होते, पटत नव्हतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, भुरी आहे ती."

व्याह्यांनी मान वर केली.

"पोराच्या तोंडात भुरी?"

"भुरीची चुलत बहीण समजा. पानावर पांढरी पावडर दिसते, ते काय असतं?"

"वरचा पसारा," व्याही म्हणाले. "खाली ती पानाला धरून असतीच. पावडर गेली म्हणून फवारा बंद केला की आठ दिसांत घडावर." आणि मग जरा थांबून स्वतःशीच, "आस्सं होय."

पुढचं मला सांगावंच लागलं नाही. फवारणी करून तासाभरात पाऊस आला तर औषध धुऊन जातं, हे ज्याला कळतं त्याला दुधानंतर औषध का, हे शिकवावं लागत नाही. पानाच्या खालच्या बाजूला फवारा पोचला पाहिजे, हे ज्याला कळतं तो गालाची आतली खाच विसरत नाही. व्याही रात्री हळू आवाजात मला म्हणाले, "पाव्हणं, आम्ही भुरीवर हेक्साकोनॅझोल मारतो. ह्ये त्यातलंच का?" आणि त्यांची नजर गोठ्याकडच्या फवारणी पंपाकडे गेल्यासारखी मला वाटली. मी घाईघाईने म्हणालो, नाही. मात्र दोघांचा डोळा एकाच वस्तूवर असतो. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हेक्साकोनॅझोल तो तयारच होऊ देत नाही. निस्टॅटिन तयार असलेल्या एर्गोस्टेरॉलला चिकटून आवरणाला भोकं पाडतं, आणि बुरशीतलं आतलं बाहेर गळून जातं. माणसाच्या पेशीत एर्गोस्टेरॉल नसतं, त्या जागी कोलेस्टेरॉल असतं.

"ते माझ्याकडं लई हाय," व्याही म्हणाले.

त्या मुक्कामात एक दुपार मोकळी होती, आणि विहीणबाईंनी विचारलं की हे निस्टॅटिन असलं कसलं नाव. मला ठाऊक होतं, कारण औषधाच्या बाटलीचा कागद वाचल्यावर पुढचं शोधल्याशिवाय निवृत्त माणसाला झोप येत नाही. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघी बाया न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला होत्या. सरकारी नोकर, हे मी मुद्दाम सांगितलं. हेझन न्यूयॉर्क शहरात, ब्राऊन ऑल्बनीला. एक मातीतले जंतू वाढवून त्यांत बुरशी मारणारा कोण ते बघायची, त्याची बरणी पोस्टाने दुसरीकडे पाठवायची. दुसरी त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढून परत पोस्टात टाकायची. अशा कित्येक बरण्या गेल्या-आल्या. शेवटी कामाला आली ती व्हर्जिनियात नोर्स नावाच्या ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावरून हेझनबाईंनी खणून आणलेली माती. त्या जंतूला नोर्स कुटुंबाचं नाव मिळालं, स्ट्रेप्टोमायसिस नोर्सेई. १९५० साली दोघींनी शोध जाहीर केला आणि औषधाला आपल्या राज्याचं नाव दिलं: न्यूयॉर्क स्टेट, म्हणून निस्टॅटिन. त्यातून पुढे १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर स्वामित्वधन आलं. दोघींनी ते स्वतःला न घेता संशोधनासाठी देऊन टाकलं.

"मातीतनं निघालं?" व्याही खूश झाले. विहीणबाईंना मात्र वेगळाच मुद्दा खटकला. "न्यूयॉर्कचं नाव लावलं. आपल्याकडचं नाव का नाही कुणी लावत?"

लावलं आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे, हे सांगताना माझी छाती दोन इंच फुगली. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथे थिरुमलाचार नावाच्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली मातीतले असेच जंतू शोधायचं काम चाले. त्यांना बुरशी मारणारं एक औषध सापडलं. ज्या जंतूपासून ते निघालं त्याला त्यांनी नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषधाचं नाव हमायसिन, त्यातला "हा" हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. निस्टॅटिनच्याच कुळातलं, आणि पोरांच्या तोंडातल्या थ्रशवरही वापरलं गेलेलं. विहीणबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पिंपरीच्या मातीत जंतू सापडतो, मग इंदापूरच्या मातीत बघितलं का कुणी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी फेरी विहीणबाईंनी स्वतःच्या हातात घेतली. पश्चात्तापाची शिस्त काही वेगळीच असते. त्यांनी जुन्या पेटीतून चांदीचं बोंडलं काढलं, रोज उकळलं, त्यात मोजून १ मिली. ढेकर, हलवणं, डावा गाल, उजवा गाल, करंगळी, घड्याळाकडे बघत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत बाळ रडलं तरी कुणाची बाळाला उचलून पाजायला द्यायची छाती नव्हती. मी दोन दिवसांनी बारामतीला परतलो. रोज रात्री फोनवर अहवाल यायचा, आणि मी इकडे दुसरी प्रत लिहायचो.

बुधवारी संध्याकाळी पाचला तोंड स्वच्छ झालं. आता वाद ४८ तासांचा. विहीणबाईंच्या हिशेबाने बुधवार एक, गुरुवार दोन, झाले दोन दिवस. माझ्या हिशेबाने स्वच्छ दिसल्यापासून घड्याळ सुरू. बुधवारी पाचचा डोस दिल्यावर बॅटरीने पाहिलं, म्हणून तो मोजायचा नाही. बुधवारच्या रात्रीपासून शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत आठ. व्याह्यांनी निकाल दिला, "टेलचं पाणी पाव्हण्यांना जास्त कळतं."

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा एसटीने इंदापूर गाठलं. पाच वाजले. दूध झालं, ढेकर निघाला, बाटली हलली. आठव्या डोसाला बाळ व्याह्यांच्या मांडीवर होतं, कारण शेवटच्या फवारणीचा मान त्यांनी मागून घेतला होता. नवा पांढरा सदरा, खास. विहीणबाईंनी डाव्या गालात अर्धं घातलं, ते राहिलं. उजव्या गालात अर्धं घातलं, आणि बाळाने आयुष्यातली पहिली शिंक दिली असावी इतकी जोरात शिंक दिली. सदऱ्यावर खांद्यापासून खिशापर्यंत पिवळे शिंतोडे. व्याह्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "येळकोट येळकोट."

विहीणबाई बोंडलं हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या. आता हा आठवा धरायचा की सातच झाले? अर्धा पुन्हा घालायचा की सोडायचा? मुलीने बाईंना फोन लावला, तो व्यस्त लागला. बाळ करंगळी शोधत तोंड हलवत होतं. मी वही उघडली आणि चौकोनात साडेसात लिहिलं.

"अर्ध्यासाठी बारामती नको," विहीणबाई म्हणाल्या आणि बाटली पुन्हा हलवू लागल्या. "रात्रीच्या दुधानंतर नववा देते. मोजा नाहीतर नका मोजू."